एररची ओळ आधी वाचा



कृषिविद्येत एम.एस्सी. करणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याचा थेसिस उघडला, की प्रत्येक तक्त्याच्या तळाशी दोन ओळी हमखास भेटतात. एक ‘एस.ई. (एम) ±’ आणि दुसरी ‘सी.डी. ॲट 5%’. संदर्भसूचीत पानसे आणि सुखात्मे यांचं नाव असतं. कृषी क्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी संख्याशास्त्रीय पद्धती सांगणारं त्यांचं पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं 1954 साली काढलं. त्यातले पांडुरंग वासुदेव सुखात्मे सांगलीपासून फार लांबचे नव्हेत. 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी त्यांचा जन्म झाला. पुढे ते लंडनला शिकले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. त्यांचं नाव प्रत्येक थेसिसमध्ये येतं, पण त्या दोन ओळी कुठून येतात आणि त्या काय सांगतात हे मात्र तोंडी परीक्षेत विचारलं की मुलं गडबडतात. म्हणून आज एकच तक्ता तुमच्यासमोर ठेवतो आणि तो ओळीओळीनं वाचतो.

प्रयोग सोयाबीनचा घेऊ. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रानं फुले संगम, फुले किमया असे वाण दिले, तेव्हा हे पीक आपल्याला नवं नाही. प्रयोग मात्र त्या केंद्राचा नाही. आकडे मी आजच्या व्याख्यानासाठी बांधले आहेत, म्हणजे ते कागदावर पडताळता येतील. सहा ट्रीटमेंट, चार रेप्लिकेशन, रँडमाइझ्ड ब्लॉक डिझाइन, म्हणजे आपलं नेहमीचं आर.बी.डी. T1 ला खत नाही. T2 ला शिफारशीत खतमात्रेच्या 75 टक्के, T3 ला 100 टक्के, T4 ला 125 टक्के. T5 म्हणजे 75 टक्के खत आणि बियाण्याला रायझोबियम व पीएसबीची बीजप्रक्रिया, आणि T6 म्हणजे 100 टक्के खत आणि तीच बीजप्रक्रिया. सरासरी उत्पादन हेक्टरी क्विंटलमध्ये अनुक्रमे असं आलं: 17.0, 21.0, 23.5, 24.2, 22.8 आणि 25.5. सगळ्यांची मिळून सरासरी 22.33. आणि संगणकानं हा तक्ता दिला:

```
Source    df      SS      MS       F
Rep        3   46.08   15.36    6.00
Trt        5  181.25   36.25   14.16
Error     15   38.40    2.56
Total     23  265.73
```

विद्यार्थ्याची नजर थेट शेवटच्या रकान्यातल्या F वर जाते. तिथे दोन चांदण्या दिसल्या की तो निश्वास टाकतो. माझं म्हणणं असं, की F सगळ्यात शेवटी पाहावा. आधी df चा रकाना पाहावा, मग एररची ओळ.

df मध्ये तुमच्या प्रयोगाची रचना लिहिलेली असते. चोवीस प्लॉट, म्हणून एकूण 23. सहा ट्रीटमेंट, म्हणून 5. चार ब्लॉक, म्हणून 3. उरले 15, म्हणजे पाच गुणिले तीन. हे आकडे पेन्सिलीनं आधी लिहून ठेवा आणि मगच संगणकाच्या आकड्यांशी ताडा, कारण चूक झाली असेल तर ती बहुतेक वेळा इथेच उघडी पडते. दोन चुका मी वारंवार पाहतो. पहिली आर वापरणाऱ्यांची. ट्रीटमेंटचे कोड 1, 2, 3 असे आकड्यांत भरले, तर आर त्यांना गट न मानता मोजमाप मानतं आणि त्यांतून एक सरळ रेघ ओढतं. मग ट्रीटमेंटसमोर 5 ऐवजी 1 येतो. रेप्लिकेशनचंही तसंच. उपाय दोन ओळींचा आहे:

```
d$rep <- factor(d$rep)
d$trt <- factor(d$trt)
summary(aov(yield ~ rep + trt, data = d))
```

दुसरी चूक जास्त वाईट, कारण तिच्यातून निकाल फार देखणा निघतो. झाडाची उंची किंवा शेंगांची संख्या मोजताना आपण प्रत्येक प्लॉटमधून पाच झाडं घेतो. त्या पाच झाडांची सरासरी काढून प्लॉटमागे एक आकडा भरायचा असतो. काही जण सगळेच्या सगळे 120 आकडे भरतात. मग एररचे df 15 ऐवजी 111 येतात, F फुगतो आणि सगळं ‘सिग्निफिकंट’ होतं. पण खत झाडाला दिलेलं नव्हतं, प्लॉटला दिलेलं होतं. एकाच प्लॉटमधली पाच झाडं एकच माती आणि एकच ओल वाटून घेतात. ती पाच स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. एररसमोर 111 दिसले, की पुढचं काही वाचू नका, शीट दुरुस्त करा.

आता एररची ओळ. 2.56 या आकड्याचा अर्थ काय? ट्रीटमेंटमुळे पडलेला फरक बाजूला काढला, ब्लॉकमुळे पडलेला फरकही काढला, तरी एकाच खताचे दोन प्लॉट सारखं उत्पादन देत नाहीत. कुठे उगवण विरळ झाली, कुठे खोडमाशी लागली, कुठे मळणीत दाणे सांडले. या उरलेल्या चढउताराचं माप म्हणजे 2.56. त्याचं वर्गमूळ 1.6 क्विंटल. हे हेक्टरी झालं, ते आपण प्लॉटवर आणू. ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवून कडेच्या ओळी सोडल्या आणि नेट प्लॉट 3.6 बाय 4 मीटर घेतला, तर क्षेत्र 14.4 चौरस मीटर होतं. त्यात एक किलो दाणे मिळाले, तर हेक्टरी 6.94 क्विंटल. म्हणजे 1.6 क्विंटलची ही अनिश्चितता प्रत्यक्षात प्लॉटमागे सुमारे 230 ग्रॅमची आहे. पाव किलोसुद्धा नाही. मळणीच्या वेळी शेजारच्या प्लॉटची एक पेंढी इकडे आली, किंवा कडेची ओळ चुकून नेट प्लॉटमध्ये गेली, तर तेवढ्यानंच हा आकडा हलतो. सी.डी. कमी यावी म्हणून मुलं सॉफ्टवेअर बदलून पाहतात, पण ती कमी होते ती या पाव किलोच्या काळजीनं, खळ्यावर.

1.6 ला सरासरी 22.33 नं भागून शंभरनं गुणलं, की सी.व्ही. 7.16 टक्के येतो. शेतावरच्या धान्य उत्पादनासाठी हा चांगला आकडा आहे. तो तिशीकडे झुकू लागला तर प्रयोगात काहीतरी निसटलं असं समजावं. पण खुल्या शेतातल्या उत्पादनाचा सी.व्ही. दीड टक्का दिसला, तर मला आनंद होत नाही. मी आधी वजनांची मूळ वही मागतो. निसर्ग इतका एकसारखा वागत नाही.

एररचा आकडा मोठा आला तर तो चोवीस प्लॉटांत सगळीकडे सारखा पसरला आहे, की एकाच जागी साठला आहे, हे पाहावं लागतं. त्याचा हिशेब साधा आहे. समजा चौथ्या ब्लॉकची सरासरी 20.1 आहे आणि T2 ची 21.0. तर त्या ब्लॉकमधल्या T2 च्या प्लॉटकडून अपेक्षा किती? 21.0 अधिक 20.1 वजा 22.3, म्हणजे 18.8. तिथे प्रत्यक्ष आले 15.6. अपेक्षेपेक्षा 3.2 कमी. हा फरक 1.6 च्या दुप्पट आहे, तेव्हा हा प्लॉट तपासायला हवा. अशा वेळी संगणक बंद करून प्रक्षेत्राची डायरी उघडावी. ऑगस्टमध्ये त्या कोपऱ्यात पाणी साचलं होतं अशी नोंद त्याच दिवशी केलेली असेल, तर तो प्लॉट ‘मिसिंग’ धरून विश्लेषण करता येतं. एररचे df मग 14 होतात आणि हे सगळं थेसिसमध्ये लिहायचं असतं. डायरीत काहीच नसेल, तर तो प्लॉट आहे तसा ठेवायचा. आकडा आपल्या मनाविरुद्ध आला हे तो काढून टाकण्याचं कारण होऊ शकत नाही.

रेप्लिकेशनच्या ओळीबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. इथे F 6.00 आहे. 3 आणि 15 df ला पाच टक्के पातळीवर 3.29 लागतो, म्हणजे ब्लॉकांमधला फरक सिग्निफिकंट आहे. विद्यार्थी घाबरतात, प्रयोग बिघडला असं त्यांना वाटतं. खरं तर ब्लॉक नीट पाडल्याचा हा पुरावा आहे. आपल्या चार ब्लॉकांच्या सरासऱ्या 23.8, 23.1, 22.3 आणि 20.1 आहेत. वरून खाली उतरत गेलेल्या. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत हे चित्र ओळखीचं आहे. चराकडे जावं तशी निचऱ्याची अडचण वाढते, आणि मिरज, वाळवा, पलूस भागात कुठे कुठे क्षारही वर येतात. या उताराला आडवे ब्लॉक पाडले, म्हणजे प्रत्येक ब्लॉकच्या आत जमीन एकसारखी राहिली आणि जमिनीचा फरक ब्लॉकांच्या मधे गेला. तिथून तो 46.08 च्या रूपानं वेगळा मोजून बाजूला काढता आला. तो काढला नसता, तर तेच 46.08 एररमध्ये मिसळले असते. एररचा मीन स्क्वेअर 2.56 वरून 4.69 वर गेला असता आणि सी.डी. 2.41 वरून 3.22 वर. मग 75 टक्के आणि 100 टक्के खतांतला अडीच क्विंटलचा फरकसुद्धा आपल्याला सिद्ध करता आला नसता. ब्लॉक उताराच्या दिशेनं लांबट पाडले, तर नेमकं हेच होतं, आणि ते नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरला सावरता येत नाही.

आता ट्रीटमेंटचा F. खताचा काहीच परिणाम नसता, तर ट्रीटमेंटचा मीन स्क्वेअर आणि एररचा मीन स्क्वेअर हे दोन्ही त्याच प्लॉटाप्लॉटांतल्या चढउताराचे अंदाज ठरले असते आणि त्यांचं गुणोत्तर एकच्या आसपास राहिलं असतं. इथे ते 14.16 आहे, आणि लागतात फक्त 2.90. सिग्निफिकंट, यात शंका नाही. पण सिग्निफिकंट काय? सहाच्या सहा सरासऱ्या सारख्या नाहीत, इतकंच. कोणती कोणापेक्षा वेगळी हे F सांगत नाही. आणि इथे एक गोष्ट लपलेली आहे. T1 ला खतच नव्हतं. त्याची सरासरी 17.0 आणि बाकी पाचांची मिळून 23.4. फक्त या एका तुलनेचा सम ऑफ स्क्वेअर्स काढला, तर तो 136.53 येतो. एकूण 181.25 पैकी तीन चतुर्थांश! म्हणजे या भल्यामोठ्या F मधला बहुतेक भाग ‘खत न दिल्यापेक्षा खत दिलेलं बरं’ एवढंच सांगतो, आणि ते सांगायला प्रयोगाची गरज नव्हती. उरलेल्या पाच ट्रीटमेंटांसाठी 44.72 उरतात, df चार, F 4.37. लागतात 3.06. हाही सिग्निफिकंट आहे, पण जेमतेम. कंट्रोल ठेवलेल्या प्रत्येक प्रयोगात ही वजाबाकी करून पाहा. पुष्कळदा असं दिसतं, की कंट्रोल बाजूला केल्यावर बाकीच्यांत सांगण्यासारखं काहीच उरत नाही, आणि तरीही त्या दोन चांदण्यांच्या भरवशावर थेसिसमध्ये चार पानं लिहिलेली असतात.

मग येते सी.डी. तिचा जन्मही एररच्याच ओळीत आहे. 2.56 ला चार रेप्लिकेशननं भागून वर्गमूळ काढलं, की 0.80. हीच एस.ई. (एम). दोन सरासऱ्यांच्या फरकासाठी तिला 1.414 नं गुणायचं, 1.13 मिळतात. आणि 15 df चा t, 2.131, यानं गुणलं की 2.41. दोन ट्रीटमेंटांत हेक्टरी 2.41 क्विंटलपेक्षा जास्त फरक असेल तर तो सिग्निफिकंट, नसेल तर ‘ॲट पार’.

हा ‘ॲट पार’ शब्द आपल्या थेसिसांमध्ये सगळ्यात जास्त नुकसान करतो असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याच आकड्यांवर पाहू. T5 म्हणजे 75 टक्के खत आणि जिवाणू, उत्पादन 22.8. T3 म्हणजे 100 टक्के खत, 23.5. फरक 0.7, सी.डी.पेक्षा खूप कमी, म्हणून ॲट पार. लगेच निष्कर्ष लिहिला जातो: जिवाणूखत वापरल्यास 25 टक्के रासायनिक खत वाचतं आणि उत्पादन कमी होत नाही. आता T5 ची तुलना T2 शी करा, म्हणजे नुसत्या 75 टक्के खताशी. फरक 1.8. तोही 2.41 पेक्षा कमी. म्हणजे T5 हा T2 शीही ॲट पार. पण T2 आणि T3 मध्ये फरक 2.5 आहे, म्हणजे ते दोघं एकमेकांपासून वेगळे! जिवाणू दिलेला प्लॉट पूर्ण खताइतकाच चांगला आणि जिवाणू न दिलेल्या कमी खताइतकाच, हे एकाच वेळी खरं कसं असेल? ‘ॲट पार’ म्हणजे समान, असं धरलं तर नसेलच. त्याचा खरा अर्थ एवढाच, की या प्रयोगाच्या ताकदीत फरक सिद्ध झाला नाही.

फरक सिद्ध न होणं आणि फरक नसणं यांत किती अंतर आहे, ते रुपयांत मांडू. T3 आणि T5 मधला फरक 0.7 दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना 2.41 धरले, तर खरा फरक T5 च्या बाजूनं 1.7 क्विंटलपासून T5 च्या विरोधात 3.1 क्विंटलपर्यंत कुठेही असू शकतो. 2024-25 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. 3.1 क्विंटल म्हणजे हेक्टरी पंधरा हजारांवर. उत्पादन कमी होत नाही असं ज्या शेतकऱ्याला आपण सांगितलं, त्याला प्रत्यक्षात एवढा फटका बसण्याची शक्यता या प्रयोगानं नाकारलेली नाही. तेव्हा वाचलेल्या पाव खताची किंमत या रकमेशी ताडल्याशिवाय शिफारस लिहू नये. सी.डी. जितकी मोठी तितकं सगळंच ॲट पार होतं, म्हणजे ढिसाळ प्रयोगातून खत वाचवणं सगळ्यात सोपं. दोन रेप्लिकेशन लावा, मळणी निष्काळजीपणे करा, 50 टक्के खतही 100 टक्क्यांशी ॲट पार निघेल.

मग या प्रयोगातून जिवाणूखताबद्दल काहीच सांगता येत नाही का? 75 टक्क्यांवर फायदा 1.8, सिद्ध नाही. 100 टक्क्यांवर फायदा 2.0, तोही सिद्ध नाही. बहुतेक थेसिस इथे थांबतात आणि ‘नॉन-सिग्निफिकंट’ लिहून मोकळे होतात. पण प्रयोगाची आखणी करताना आपण प्रश्न काय विचारला होता? खताच्या दोन पातळ्या आणि प्रत्येक पातळीवर जिवाणूंसह व जिवाणूंशिवाय, अशा चार ट्रीटमेंट आपण मुद्दाम ठेवल्या. म्हणजे जिवाणूंच्या परिणामाची साक्ष आठ प्लॉट विरुद्ध आठ प्लॉट अशी उपलब्ध आहे. आपण मात्र चार विरुद्ध चार अशा दोन तुकड्यांत ती वाचली आणि दोन्ही वेळा पुरावा अपुरा ठरवला. ती एकत्र वाचू. T5 आणि T6 ची सरासरी 24.15. T2 आणि T3 ची 22.25. फरक 1.9. आठ-आठ प्लॉटांमुळे या फरकाची एस.ई. आता 1.13 राहत नाही, 0.80 होते. 2.131 नं गुणून या तुलनेची सी.डी. 1.70. आणि 1.9 तिच्यापेक्षा जास्त. जिवाणूंचा परिणाम सिग्निफिकंट आहे.

त्याच पद्धतीनं खत पाहा. T3 आणि T6 विरुद्ध T2 आणि T5: 24.5 वजा 21.9, फरक 2.6. सिग्निफिकंट. जिवाणूंचा फायदा 75 टक्क्यांवर 1.8 आणि 100 टक्क्यांवर 2.0, जवळजवळ सारखाच, म्हणजे इंटरॲक्शन नाही. आता कोडं सुटतं. खत पावानं घटवलं की 2.6 क्विंटल जातात. जिवाणू दिले की 1.9 परत मिळतात. T5 मध्ये दोन्ही एकदम घडतं, म्हणून तिथे निव्वळ 0.7 ची तूट दिसते. जिवाणूंनी खताची जागा पूर्ण घेतलेली नाही. त्यांचा आणि खताचा परिणाम एकमेकांत मिळवला गेला आहे. ‘25 टक्के बचत’ या वाक्यापेक्षा हा निष्कर्ष वेगळा आहे, आणि शेतकऱ्याला जास्त उपयोगाचा, कारण त्यातून निघणारा सल्ला असा, की खत पूर्ण द्या आणि बीजप्रक्रियाही करा. थेसिसमध्ये मी असं लिहायला सांगेन: ‘जिवाणूखताच्या बीजप्रक्रियेमुळे खताच्या दोन्ही पातळ्यांवर मिळून उत्पादन हेक्टरी 1.9 क्विंटलनं वाढलं (सी.डी. 1.70). खतमात्रा 75 वरून 100 टक्के केल्यानं ते 2.6 क्विंटलनं वाढलं. दोहोंत इंटरॲक्शन आढळलं नाही. 125 टक्के मात्रेनं 100 टक्क्यांपेक्षा जास्त उत्पादन मिळतं असं या प्रयोगात सिद्ध झालं नाही.’

एक अट मात्र पाळायची. या तुलना सिनॉप्सिसमध्ये, पेरणीपूर्वी लिहिलेल्या असाव्यात. सहा ट्रीटमेंटांच्या जोड्या पंधरा होतात. निकाल हातात आल्यावर त्यांतली सगळ्यात मोठी फट शोधून तीच आपला प्रश्न होता असं म्हणायचं ठरवलं, तर पाच टक्क्यांची पातळी पाच टक्क्यांची राहत नाही.

एररची ओळ म्हणतो तेव्हा ती नेहमी एकच असते असंही नाही. हळदीवर ठिबकच्या पाण्याच्या तीन पातळ्या घ्यायच्या असतील, तर प्रत्येक छोट्या प्लॉटला वेगळा व्हॉल्व्ह बसवणं जमत नाही. म्हणून पाणी मोठ्या मेन प्लॉटला देतात आणि त्याच्या आत खताच्या चार पातळ्या सब प्लॉटमध्ये बसवतात. हे स्प्लिट प्लॉट. चार रेप्लिकेशन असतील तर पाण्याची परीक्षा मेन प्लॉटच्या एररवर होते आणि तिचे df फक्त 6 असतात. खताची आणि इंटरॲक्शनची परीक्षा 27 df च्या दुसऱ्या एररवर होते. विद्यार्थी हाच डेटा फॅक्टोरियल आर.बी.डी. म्हणून भरतात आणि 33 df चा एकच एरर मिळवतात. त्यात पाण्याचा F बहुधा खोटा मोठा येतो, कारण बारा मेन प्लॉटांचा पुरावा अठ्ठेचाळीस प्लॉटांचा म्हणून मोजला जातो. पाच झाडांचीच ही चूक मोठ्या मापावर. ही चूक फिशर यांच्याही हातून झाली होती. रॉथमस्टेडच्या बटाट्याच्या खतप्रयोगाचं त्यांनी 1923 साली केलेलं विश्लेषण हे ॲनोव्हाच्या छापलेल्या सुरुवातीच्या मोठ्या उदाहरणांपैकी एक. त्यात त्यांनी सगळ्या तुलनांना एकच एरर वापरला होता. दोन वर्षांनी आलेल्या पुस्तकात त्यांनी एरर वेगळे केले. तुमच्या तक्त्यात 33 दिसले, तर प्लॉटचा नकाशा काढा आणि पाणी नेमकं कशाला दिलं होतं ते पाहा.

शेवटचा मुद्दा हंगामांचा. एम.एस्सी.ला पुष्कळदा एकच खरीप मिळतो, पण दोन मिळाले, की विद्यार्थी दोन वर्षांचे आकडे एकत्र करून ‘पूल्ड’ तक्ता काढतात, आणि निष्कर्ष त्यावरच लिहितात. एकत्र करण्याआधी दोन्ही वर्षांच्या एररच्या ओळी शेजारी ठेवायच्या असतात. सांगलीत हे विसरून चालत नाही. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी शेतांत शिरलं, 2021 च्या जुलैत पुन्हा शिरलं. असा एखादा हंगाम आपल्या प्रयोगाला मिळाला आणि त्या वर्षी एररचा मीन स्क्वेअर 2.56 ऐवजी 9.0 आला असं धरू. गुणोत्तर 3.52. दोन्हीकडे 15 df असताना 2.86 च्या वर गेलं, तर दोन वर्षांचे एरर एकजातीचे मानता येत नाहीत. दोनपेक्षा जास्त हंगाम असतील तर हेच काम बार्टलेटची चाचणी करते. एरर एकजातीचे नसतील, तर साध्या पूल्ड सी.डी.नं पुराच्या वर्षातला फरक आहे त्यापेक्षा ठाम दिसतो आणि चांगल्या वर्षातला विनाकारण पुसट. तेव्हा दोन वर्षांचे तक्ते वेगळे द्यायचे, दोन सी.डी. द्यायच्या, आणि वर्ष गुणिले ट्रीटमेंट हे इंटरॲक्शन एररचा हा फरक लक्षात घेऊनच पाहायचं. पुराच्या वर्षी जिवाणूंचा फायदा दिसला नाही, तर त्या वर्षाच्या सी.डी.ला 1.9 क्विंटलचा फरक दिसला तरी असता का, हे आधी काढायचं. आठ-आठ प्लॉटांच्या त्याच तुलनेसाठी त्या वर्षी 9.0 ला चारनं भागून वर्गमूळ 1.5, आणि 2.131 नं गुणून 3.2. दोन क्विंटलचा फायदा त्या शेतात झाला असता, तरी त्या वर्षीच्या प्रयोगाला तो बहुधा दिसला नसता.